पोट सुटलेला दंडगोल

२० मिलिमीटर व्यासाचा, ३० मिलिमीटर उंचीचा तांब्याचा दंडगोल दाबयंत्राच्या दोन पाटांमध्ये दाबून निम्मा केला, तर घनफळ कायम राहत असल्याने त्याचा व्यास सगळीकडे सुमारे २८.३ मिलिमीटर व्हायला हवा. प्रत्यक्षात त्याला पिंपासारखं पोट सुटतं. धातू बाजूला पसरू पाहतो, पण टोकांना पाटांचं घर्षण धरून ठेवतं; मधल्या भागाला तशी आडकाठी नसते. टोकाचा पृष्ठभाग निरखला तर कडेला वेगळ्या पोताचं कडं दिसतं. ती मूळची बाजू, दुमडून पाटाला टेकलेली!

खरा घोटाळा आकड्यात होतो. यंत्र दाखवतं त्या बलात घर्षणावर खर्च झालेला वाटाही असतो. घर्षणांक ०.३ धरला, तर या निम्म्या उंचीवर ढोबळ हिशेबाने दाब सुमारे १९ टक्के जास्त भरतो, ०.०५ असेल तर जेमतेम ३ टक्के. म्हणून टोकांना ग्रॅफाइटचं ग्रीस किंवा टेफ्लॉनची पातळ चकती लावतात. वंगणाचा थर फारच जाड झाला, तर उलट टोकंच बाहेर फाकतात. नमुना उंच घेतला की घर्षणाचा प्रभाव घटतो, पण उंची व्यासाच्या दुपटीपलीकडे गेली की तो वाकण्याची भीती असते.