प्रतिज्ञापत्रातील क्रमांक

हिमायतनगर तालुक्यातील आपले बांधव राजपत्रात नाव बदलण्यासाठी प्रतिज्ञापत्र करतात, तेव्हा परिच्छेदांचे क्रमांक ही केवळ लिहिण्याची रीत आहे, असा समज दिसतो. तसे नाही. समजा, ‘दगडू’ हे नाव टाकून ‘सिद्धार्थ’ घ्यावयाचे आहे. निवास, जुने नाव, नवे नाव आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच, ही कथने स्वतःच्या माहितीची. जन्मतारीख मात्र कोणास स्वतः आठवत नाही. ती शाळेच्या दाखल्यावरून येते. शेवटच्या सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे व कोणते कागदपत्रांवरून, हे क्रमांकानेच सांगावयाचे असते. निवास व जन्मतारीख एकाच परिच्छेदात आली, तर सत्यापन नेमके करता येत नाही. म्हणून जन्मतारखेस आम्ही स्वतंत्र क्रमांक द्यावयास सांगतो.