साहेबांसाठी एकच पान

संचालकांकडे जाणाऱ्या कित्येक टिपण्या पार्श्वभूमीपासून सुरू होतात आणि ‘योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती’ यावर संपतात. मधल्या आठ पानांत माहिती भरपूर असते, फक्त मागणं काय ते सापडत नाही. मग ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन फाइल परत येते. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ऐन युद्धात, चर्चिल यांनी ब्रिटिश खात्यांना लेखी बजावलं होतं की अहवाल आटोपशीर लिहा आणि सविस्तर आकडेवारी परिशिष्टात घाला.

हे एक पान कसं असावं? एका काल्पनिक दूध डेअरीचं उदाहरण घेऊ. शीतकरणाचा जुना कॉम्प्रेसर गेल्या वर्षी दोनदा बंद पडला. दुरुस्तीला ४ लाख गेले आणि नासलेल्या दुधाचे ७ लाख बुडाले. टिपणीचं पहिलंच वाक्य असं हवं : ‘२४ लाखांचा नवा कॉम्प्रेसर घेण्यास २० जुलैपर्यंत मंजुरी हवी.’ तारखेचं कारण त्याच्याच खाली यावं. यंत्र यायला दहा आठवडे लागतात आणि हिवाळ्यात दुधाची आवक वाढण्याआधी ते बसवायचं आहे.

मग पर्याय. पहिला, आहे तसंच चालवायचं : आज खर्च नाही, पण गेल्या वर्षीसारखा ११ लाखांचा फटका पुन्हा बसू शकतो. दुसरा, पूर्ण ओव्हरहॉल : ९ लाख, सहा दिवस काम बंद, यंत्र जेमतेम दोन वर्षं चालेल. तिसरा, नवं यंत्र. प्रत्येकाला तीच मोजपट्टी लावायची : खर्च, वेळ, धोका. आपल्या आवडत्या पर्यायाशेजारी दोन मुद्दाम लंगडे पर्याय उभे केले, तर अनुभवी संचालकाच्या ते लगेच लक्षात येतं. मग खऱ्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

शिफारस स्पष्ट हवी : तिसरा पर्याय. गेल्या वर्षीइतकंच नुकसान दरवर्षी होईल असं धरलं, तर सव्वादोन वर्षांत पैसे वसूल होतात. पण ते गृहीतक आहे, हेही लिहायचं. लेखा विभागाचा विरोध असेल तर तो त्यांच्याच शब्दांत, एका ओळीत द्यायचा. तो लपवला तर बैठकीत बाहेर येतोच. शिफारस कधी बदलेल, हेही सांगायचं : ‘दोन वर्षांत प्लांट हलवणार असाल, तर ओव्हरहॉल पुरेसा.’ स्थलांतराचा विचार संचालकांच्या मनात असू शकतो, लिहिणाऱ्याला तो ठाऊक नसतो.

तळाशी मंजूर, नामंजूर, चर्चा करावी अशा तीन चौकटी आणि सहीची जागा. कोटेशन आणि बिघाडाच्या नोंदी सोबत जोडायच्या. पाठवण्यापूर्वी हे पान त्या कामाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला दोन मिनिटं वाचायला द्यावं. काय मागितलंय, कधीपर्यंत आणि नकार दिला तर काय होईल, हे त्याला सांगता आलं नाही, तर पान पुन्हा लिहायचं.