रात्री अडीच वाजता विकली जाणारी उशी

घड्याळात अडीच वाजले होते. सुलभाताईंनी पुन्हा कूस बदलली. शेजारी ह्यांचं घोरणं चाललेलं, वर पंख्याची करकर. मान डावीकडे वळली की कानामागे कळ येई. उशी दुमडून झाली, काढून झाली, शेवटी चादरीची घडी डोक्याखाली घेऊन त्या छताकडे बघत राहिल्या. सकाळी कुकरची शिट्टी झाली, त्या गॅस बंद करायला वळल्या आणि मान वळेचना. सून म्हणाली, "आई, किती दिवस असं सहन करणार? माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी ती नवी ऑर्थोपेडिक उशी घेतली ना, त्यांना बघा." चार दिवसांनी खोकं घरी आलं. त्या रात्री सुलभाताई अंथरुणावर पडल्या एवढंच त्यांना आठवतं. डोळे उघडले तेव्हा दारात दूधवाला उभा होता.

यानंतर उशीचं नाव, सवलतीची किंमत आणि फोन नंबर. हा नमुना मी या लेखासाठी रचला, कारण जाहिरातींचा मजकूर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे आणि या साच्याचे टाके मला माहीत आहेत. पेपरात, मोबाइलवर, रेडिओवर अशा गोष्टी सतत भेटतात. नावं बदलतात, सुनेच्या जागी ऑफिसातली मैत्रीण येते, अडीचचे तीन वाजतात.

हा साचा जुना आहे. 1926 साली अमेरिकेत जॉन केपल्स या कॉपीरायटरने घरबसल्या संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी जाहिरात लिहिली. पार्टीत एक जण पियानोपाशी बसतो, मित्र हसतात, तो वाजवू लागतो आणि सगळे गप्प होतात. आधी गोष्ट रंगते आणि माल मागून येतो. ही युक्ती तेव्हापासून टिकून आहे, कारण वाचक दाव्यावर शंका घेतो, पण गोष्टीतल्या माणसाशी वाद घालत नाही. वरची गोष्ट पुन्हा वाचा. "या उशीने मानदुखी बरी होते" असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. मान दुखत होती, उशी आली, झोप लागली, ही तीन वाक्यं फक्त एकापुढे एक ठेवली आहेत. त्यांच्यात "म्हणून" घालतो तो वाचक.

हा "म्हणून" किती खरा आहे, हे पाहायला हवं.

गोष्ट सुरू होते ती नेहमी सर्वांत वाईट रात्री. ज्या रात्री मान थोडीशीच भरून आली होती त्या रात्रीची जाहिरात कोणी लिहीत नाही. पण आखडलेली मान बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर आठवड्याभरात आपोआप मोकळी होऊ लागते. दुखणं टोकाला असताना माणूस काहीतरी करतो: तेल चोळतो, शेक घेतो, उशी मागवतो. मग आराम पडतो आणि श्रेय त्या शेवटच्या उपायाला मिळतं. माझ्या नमुन्यात उशी चार दिवसांनी आली, ही मुदत मी मुद्दामच घातली. तेवढ्या दिवसांत सुलभाताईंची मान जुन्या उशीवरही बरीचशी सुटली असती.

दुसरा टाका जास्त बारीक आहे. गोष्ट निद्रानाशाची आहे आणि वस्तू मानेची. रात्री जागणाऱ्याला झोप हवी असते, मान ही त्याची त्या रात्रीची तक्रार असते इतकंच. जुनाट मानदुखी असलेल्या लोकांवर झालेल्या उशांच्या चाचण्या 2021 साली एकत्र तपासल्या गेल्या. त्यात रबरी म्हणजे लेटेक्सच्या आणि स्प्रिंगच्या उशांनी मानेचं दुखणं व सकाळी उठल्यावरचा त्रास कमी झालेला दिसला. झोपेची प्रत मात्र सुधारल्याचं दिसलं नाही. चांगल्या उशीच्या बाजूने जेवढं प्रामाणिकपणे बोलता येतं, ते इथे आहे आणि तिची मर्यादाही इथेच आहे. आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री झोप येत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर तो निद्रानाश आहे. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे झोपेच्या वेळा आणि सवयी बांधून देणारी, समुपदेशकाच्या मदतीने करायची उपचारपद्धती. उशी नव्हे. आणि गोष्टीत वातावरणनिर्मितीसाठी आलेलं ते नवऱ्याचं घोरणं? घोरताना मध्येच श्वास थांबत असेल आणि माणूस दचकून उठत असेल, तर त्या घरात आधी तपासणीची गरज नवऱ्याला आहे.

मग उशीने मानेचं भलं होतं ते कसं? मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या रांगेला पुढच्या बाजूला हलका बाक असतो. डोक्याचं वजन साधारण चार ते पाच किलो. उताणं झोपल्यावर मानेखालची पोकळी भरावी आणि डोकं पुढे ढकललं जाऊ नये, एवढंच उशीचं काम. कुशीवर झोपल्यावर खांद्यामुळे डोकं गादीपासून बरंच वर राहतं. ती सगळी जागा उशीने भरावी लागते. कमी भरली तर मान गादीकडे लोंबते, जास्त भरली तर छताकडे वाकते, आणि सहा-सात तास तशीच राहते. म्हणजे उशीत खरं महत्त्व उंचीला आहे. आणि नेमकी तीच या गोष्टींमध्ये सापडत नाही. सून उंची सांगत नाही, मैत्रिणीची सासूही सांगत नाही.

सुलभाताईंचंच उदाहरण घेऊ. त्या कुशीवर झोपतात. भिंतीला एक खांदा टेकवून, मान सरळ ठेवून त्यांना उभं केलं आणि भिंतीपासून कानापर्यंतचं अंतर मोजलं. ते समजा 13 सेंटिमीटर भरलं. त्यांची गादी कापसाची, दाबून घट्ट झालेली. खांदा तिच्यात जेमतेम एक सेंटिमीटर रुततो. म्हणजे डोक्याखाली 12 सेंटिमीटर उंची हवी. खोक्यावरही 12 लिहिलेलं आहे, म्हणून सून खूश. पण तो आकडा रिकाम्या उशीचा. मेमरी फोमवर डोकं ठेवलं की तो दबतो; तीन सेंटिमीटर दबला तर उरले नऊ. सुलभाताईंची मान रात्रभर खाली झुकलेलीच राहणार. तीच उशी उताणं झोपणाऱ्या यजमानांना दिली, तर त्यांची हनुवटी छातीकडे जाईल, कारण उताण्याला कुशीपेक्षा बरीच कमी उंची लागते. एका घरात, एकाच पलंगावर एक उशी दोघांना दोन वेगळ्या कारणांनी चुकीची ठरते. गादी मऊ फोमची असती, तर खांदा जास्त रुतला असता आणि हिशोब पुन्हा बदलला असता.

ऑर्थोपेडिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच उशांना लाटेसारखा आकार असतो: एका कडेला उंच वळ, दुसऱ्या कडेला बुटका, मध्ये खोलगट. वळ मानेखाली यायला हवा, डोकं खोलगट भागात. अनेक जण वळावर डोकं ठेवतात किंवा उंच बाजू चांगली समजून उताणे झोपतात, आणि आठवड्याने उशी माळ्यावर जाते. उंची जमली की नाही ते बघायला मोजपट्टी लागतही नाही. कुशीवर नेहमीसारखं पडावं आणि घरच्या कोणाला पाठीमागून मोबाइलवर फोटो काढायला सांगावं. डोक्याचा मध्य, मान आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसले, तर उशी बरोबर आहे. कान गादीकडे कललेला दिसला तर घडी केलेला टॉवेल उशीखाली घालून पुन्हा फोटो काढावा. असं करताना कित्येकांना आपली सावरीच्या कापसाची जुनी उशीच एका टॉवेलानिशी पुरेशी आहे, असं कळतं.

फोमबद्दल जाहिराती आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगतात, ती म्हणजे नासाचं तंत्रज्ञान. हे खोटं नाही. 1966 साली नासासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी हा फोम विकसित केला, पण विमानाच्या आसनांसाठी. मानेच्या उपचाराशी त्याचा संबंध नव्हता. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि थंडीत कडक राहतो. म्हणून नाशिकच्या जानेवारीत घट्ट वाटलेली उशी चिपळूणच्या मे महिन्यात जास्त दबते, शिवाय मानेला घाम आणते. "ऑर्थोपेडिक" या शब्दाचंही तसंच आहे. तो खोक्यावर छापला म्हणजे एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाने ती उशी तपासली, असा अर्थ होत नाही.

उशी बदलून बघावी की नाही, याचा एक साधा अंदाज घेता येतो. दुखणं उठल्याबरोबर सर्वांत जास्त आणि दुपारपर्यंत ओसरत असेल, तर उशीवर संशय घ्यायला जागा आहे. सकाळी मान ठीक आणि संध्याकाळपर्यंत दुखणं चढत असेल, तर टेबल, खुर्ची आणि मोबाइल पाहावा. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, ब्लाउजचे हूक किंवा शर्टची बटणं लावताना बोटं चाचरत असतील, चालताना तोल जात असेल, किंवा पडल्यानंतर वा तापासोबत मान दुखू लागली असेल, तर कोणतीही उशी मागवण्याआधी डॉक्टरांकडे जायला हवं. गोष्टीतली सून हे कधीच सांगत नाही, आणि मला या प्रकारच्या जाहिरातींचा राग येतो तो इथे.

गोष्ट सांगून विकणं बेकायदा नाही. पण जून 2022 पासून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. कोणाचा अनुभव म्हणून काही छापलं, तर ते त्या व्यक्तीचं खरं आणि अलीकडचं मत असावं लागतं, वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं. खाली बारीक अक्षरात जी पुस्ती जोडतात, ती ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत असावी लागते. म्हणजे मराठी जाहिरातीत "परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असू शकतात" हे इंग्रजीत लिहून चालत नाही. उशीची जाहिरात समोर आली की आधी ही पुस्ती शोधावी. नियम मोडलेला दिसला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मुंबईतली एएससीआय ही जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्थाही तक्रार घेते.

आणि मागवायचीच असेल, तर परत घेण्याची अट मागवण्याआधी वाचावी. "30 रात्री वापरून बघा" असं वर मोठ्या अक्षरात असतं आणि खाली कुठेतरी हवाबंद पिशवी फोडल्यावर स्वच्छतेच्या कारणाने वस्तू परत घेतली जाणार नाही, असं असू शकतं. पिशवी फोडल्याशिवाय उशीवर डोकं ठेवता येत नाही. म्हणून दोन प्रश्न फोनवरच विचारावेत: पिशवी फोडलेली उशी परत घेणार का, आणि डोकं ठेवल्यावर तिची उंची किती राहते? पहिल्याचं उत्तर लेखी, निदान मेसेजवर मागावं. दुसऱ्याचं उत्तर विक्रेत्याकडे नसेल, तर आपण भिंतीपाशी मोजलेलं माप त्याच्या काही कामाचं नाही, आणि त्याची उशीही आपल्या कामाची ठरेल याची खात्री नाही.