अनुभवाचा रकाना रिकामा, तरी दोन वाक्यं भरीव

नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींच्या रेझ्युमेत नावाखाली बहुतेकदा एकच मजकूर दिसतो: ‘मेहनती आणि शिकण्याची आवड, नामांकित कंपनीत आव्हानात्मक संधी हवी.’ यातून उमेदवाराला काय हवं ते कळतं, पण त्याला काय येतं ते कळत नाही. नोकरी केलेली नसली तरी हे दुसरं सांगण्याजोगा ऐवज बहुतेकांकडे असतो. तो प्रकल्पाच्या वहीत आणि इंटर्नशिपच्या डायरीत पडून असतो.

समजा, एका सिव्हिल इंजिनिअर मुलीने अंतिम वर्षात चौघांच्या गटात फ्लाय ॲश घातलेल्या काँक्रीटचा प्रकल्प केला. रेझ्युमेत तिने लिहिलं, ‘फ्लाय ॲशवर प्रकल्प केला.’ वही उघडली तर त्यात बरंच काही सापडतं. सिमेंटच्या जागी 0, 10, 20 आणि 30 टक्के फ्लाय ॲश अशी चार मिश्रणं होती. प्रत्येकाची चाचणी 7 आणि 28 दिवसांनी, दर वेळी तीन क्यूबवर झाली, म्हणजे एकूण 24 क्यूब. त्यातलं तिचं काम क्यूब भरण्याचं, चाचणीचं आणि निकालांच्या तक्त्याचं होतं. मिश्रणाचं गणित दुसऱ्याने केलं होतं. इंटर्नशिपच्या सहा आठवड्यांत तिने एका निवासी इमारतीच्या दोन स्लॅबचं बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळ्यांची लांबी, आकार आणि वजन यांचा तक्ता, एक्सेलमध्ये तयार केला.

आता दोन वाक्यं अशी होतात:

‘सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवीधर असून, फ्लाय ॲशच्या गट-प्रकल्पात एम 25 काँक्रीटचे 24 क्यूब भरणं, त्यांची चाचणी आणि निकालांचं विश्लेषण ही जबाबदारी सांभाळली. सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये दोन स्लॅबचं बार बेंडिंग शेड्यूल एक्सेलमध्ये तयार केलं असून ज्युनिअर साइट इंजिनिअर म्हणून काम करायची इच्छा आहे.’

यात ‘मेहनती’ हा शब्द कुठेही नाही. पहिल्या वाक्यात पदवी आणि प्रकल्पातला स्वतःचा वाटा आला, दुसऱ्यात प्रत्यक्ष साइटवरचं काम आणि हवं असलेलं पद.

घोटाळा होतो तो क्रियापदांत. ‘मिश्रण डिझाइन केलं’ असं लिहिलं की मुलाखतीत पाणी-सिमेंट गुणोत्तर किती धरलं आणि का, हा प्रश्न येणारच. ‘साइट सांभाळली’ हे सहा आठवड्यांच्या इंटर्नला शोभत नाही. निकाल मनासारखा आला नसला तरी तो लपवायचं कारण नाही. फ्लाय ॲश जास्त असलेल्या काँक्रीटची ताकद सुरुवातीला सावकाश वाढते, त्यामुळे 7 दिवसांचे आकडे कमी येऊ शकतात. हे ज्या उमेदवाराला समजावून सांगता येतं, त्याने चाचणी स्वतः केली होती हे समोरच्याला पटतं.

शिवाय एकच मजकूर सगळीकडे पाठवून भागत नाही. काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी प्रकल्पाचं वाक्य आधी ठेवावं आणि शेवटी पदाचं नाव बदलावं. ठेकेदाराच्या कार्यालयासाठी मात्र स्लॅबच्या शेड्यूलपासूनच सुरुवात करावी.