एका दिशेची उणीव

एक मॅट्रिक्स घ्या: पहिल्या ओळीत ३ आणि १, दुसरीत −१ आणि १. बहुतेक सदिशांना तो वळवतो. ज्यांची दिशा बदलत नाही, फक्त लांबी बदलते, ते आयगेनव्हेक्टर. असे दोन स्वतंत्र सदिश मिळाले, तर मॅट्रिक्स कर्णरूपात मांडता येतो. इथे मात्र पटीची संख्या २ दोनदा येते आणि दिशा एकच सापडते: v = (1, −1).

मग अट थोडी सैल करायची. A − 2I लावल्यावर v लगेच शून्य होतो. w = (1, 0) आधी v होतो आणि दुसऱ्या वेळी शून्य. हा w म्हणजे व्यापक आयगेनव्हेक्टर. v आणि w पायाभूत धरले, की मॅट्रिक्सच्या कर्णावर २, २ आणि त्यांच्या वर एकटा १ उरतो. कामिय जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाने १८७० च्या ग्रंथात मांडलेला हाच तो ठोकळा.

त्या एकाचा प्रभाव मोठा आहे. Aw = 2w + v असल्याने दहा वेळा मॅट्रिक्स लावल्यावर w चे 1024w + 5120v होते. दुपटीच्या वाढीला पायऱ्यांची संख्याही गुणली जाते.

पण हे सुंदर रूप संगणकावर टिकत नाही. ठोकळ्यातल्या शून्याच्या जागी दशांशचिन्हानंतर सोळाव्या स्थानी १ आला, तरी दोन्ही संख्या आठव्या स्थानी वेगळ्या होतात आणि मॅट्रिक्स कर्णरूप घेतो. म्हणूनच प्रत्यक्ष गणनेत शूरच्या त्रिकोणी रूपावर भर असतो.