४०९६ बाइटांचं पान

अँड्रॉइड फोनमधली संपर्कांची यादी एका फाइलमध्ये असते. ती फाइल सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे एसक्यूलाइट. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं आणि आज ते जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. पडद्यावर नावं वर्णानुक्रमे ओळीत दिसतात. फाइलमध्ये मात्र तसं काही नसतं. तिथे नोंदी आल्या तशा पडलेल्या असतात, कुठे मधेच भोक असतं, कुठे पुसलेल्या नावाचे अवशेष असतात. तरीही हवी ती नोंद क्षणात सापडते. हे कसं घडतं ते समजून घ्यायला फाइलचं एक पान उघडून बाइट न् बाइट पाहणं हाच सरळ मार्ग आहे.

एसक्यूलाइटची फाइल सारख्या मापाच्या पानांची बनलेली असते. २०१६पासून नव्या फाइलमध्ये हे माप आपोआप ४०९६ बाइट धरलं जातं. डिस्कशी होणारी देवघेव नेहमी अख्ख्या पानाची होते. एका नोंदीतला एक आकडा बदलायचा असला तरी ४०९६ बाइट वाचायचे आणि ४०९६ बाइट लिहायचे. म्हणून पानाच्या आत मांडणी कशी आहे, याला फार महत्त्व येतं.

अडचण अशी की नोंदी सारख्या लांबीच्या नसतात. 'वाई' आणि 'सातारा' या नावांना वेगवेगळी जागा लागते. नोंदी किल्लीच्या क्रमाने एकापुढे एक ठेवल्या तर मधे नवी नोंद घालताना पुढचं सगळं सरकवावं लागेल. यावर उपाय म्हणजे स्लॉट असलेलं पान. एकाच वहीत पुढून जमाखर्च आणि मागून उधारी लिहितात, तशी ही मांडणी असते. पानाच्या सुरुवातीला ८ बाइटांचं शीर्ष आणि त्यानंतर स्लॉटांची रांग असते. प्रत्येक स्लॉट फक्त २ बाइटांचा असतो आणि नोंद पानात कितव्या बाइटपासून सुरू होते, एवढंच तो सांगतो. नोंदी मात्र पानाच्या शेवटापासून उलट्या दिशेने भरत येतात. दोन्ही बाजू मधल्या मोकळ्या जागेकडे वाढतात आणि जागा संपली की पान भरलं.

एक छोटं उदाहरण करून पाहू. कोऱ्या फाइलमध्ये गावांचा तक्ता बनवला आणि क्रमांक मुद्दाम उलटसुलट दिले:

```sql
CREATE TABLE gav(id INTEGER PRIMARY KEY, nav TEXT, pin INTEGER);
INSERT INTO gav VALUES(10,'सातारा',415001);
INSERT INTO gav VALUES(30,'वाई',412803);
INSERT INTO gav VALUES(20,'कराड',415110);
```

पहिल्या पानावर तक्त्यांची माहिती असते, म्हणून आपल्या नोंदी दुसऱ्या पानावर जातात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-वेलांटीही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'सातारा' या नावात अशी ६ चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट. पिनकोडला ३ बाइट पुरतात. कोणता रकाना कोणत्या प्रकारचा आणि किती लांब हे सांगायला ४ बाइट, नोंदीची एकूण लांबी सांगायला १ आणि क्रमांकाला १. बेरीज २७. म्हणून साताऱ्याची नोंद ४०९६ वजा २७, म्हणजे ४०६९व्या बाइटपासून सुरू होते. वाईची नोंद १८ बाइटांची. ती तिच्या अलीकडे, ४०५१वर बसते. कराडची २१ बाइटांची नोंद ४०३०वर येते.

आता पानाच्या अगदी सुरुवातीचे १४ बाइट पाहू. ते सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत असे दिसतात:

```
0D 00 00 00 03 0F BE 00   0F E5  0F BE  0F D3
```

पहिला `0D` सांगतो की हे तक्त्याचं टोकाचं पान आहे, म्हणजे यात प्रत्यक्ष नोंदी आहेत. `00 03` म्हणजे तीन नोंदी. त्यापुढचं `0F BE` म्हणजे ४०३०, नोंदींचा भाग इथून सुरू होतो. शीर्ष संपल्यावर तीन स्लॉट येतात: ४०६९, ४०३०, ४०५१. म्हणजे सातारा, कराड, वाई. क्रमांक १०, २०, ३०. कराड सर्वांत शेवटी आलं, पण ते मधे घालण्यासाठी सातारा किंवा वाईच्या नोंदीला धक्काही लावावा लागला नाही. वाईचा २ बाइटांचा स्लॉट तेवढा एक घर पुढे सरकला. क्रम नोंदींमध्ये नसतोच, तो स्लॉटांमध्ये असतो. क्रमांक शोधतानाही स्लॉटांच्या रांगेतल्या मधल्या नोंदीशी तुलना करायची, अर्धी रांग सोडून द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच करायचं, असं चालतं.

वाईची नोंद काढून टाकली तर काय होतं? तिचा स्लॉट जातो आणि नोंदींची संख्या दोन होते. तिची १८ बाइटांची जागा 'मोकळा तुकडा' म्हणून नोंदवली जाते. त्यासाठी त्या जागेतल्या पहिल्या चार बाइटांवर नवं लिहिलं जातं: पुढचा मोकळा तुकडा कुठे आहे आणि हा किती मोठा आहे.

```
आधी : 10 1E 04 00 1F 03 E0 A4 B5 E0 A4 BE E0 A4 88 06 4C 83
नंतर: 00 00 00 12 1F 03 E0 A4 B5 E0 A4 BE E0 A4 88 06 4C 83
```

`E0`पासूनचे नऊ बाइट म्हणजे 'वाई' हे नाव आणि शेवटचे तीन म्हणजे तिचा पिनकोड. दोन्ही जसेच्या तसे आहेत. पुसलेले संदेश न्यायवैद्यक तपासात परत मिळू शकतात, त्याचं एक कारण हे. जागा खरोखर शून्यांनी भरून टाकायची असेल तर `PRAGMA secure_delete=ON;` ही आज्ञा नोंद काढण्याआधी द्यावी लागते.

या मोकळ्या तुकड्यात पुढे १५ बाइटांची नोंद आली तर ३ बाइट उरतात. मोकळ्या तुकड्याची माहिती लिहायलाच ४ बाइट लागतात, त्यामुळे ही कात्रण यादीत घेता येत नाही. शीर्षातल्या आठव्या बाइटमध्ये तिची फक्त बेरीज ठेवली जाते आणि ती ६०च्या वर जाऊ दिली जात नाही. एकूण मोकळी जागा पुरेशी आहे पण सलग नाही, अशी वेळ आली की सगळ्या नोंदी पानाच्या शेवटाकडे पुन्हा दाटून बसवल्या जातात आणि स्लॉटांमधले आकडे नव्याने लिहिले जातात. पानाबाहेर कुणालाही याची खबर लागत नाही, कारण नोंदीचा बाइट-पत्ता पानाबाहेर कुठेच लिहिलेला नसतो.

आता पान भरल्यावर काय होतं ते पाहू. पुन्हा कोरी फाइल घेऊन तोच तक्ता बनवू आणि साताऱ्याचीच नोंद १, २, ३ असे क्रमांक देत घालत जाऊ. स्लॉट धरून प्रत्येक नोंद २९ बाइट घेते. १२८पासून क्रमांकालाच २ बाइट लागत असल्याने ३० घेते. १४० नोंदी मावतात, १५ बाइट उरतात आणि १४१वी बसत नाही.

इथे पान दुभंगतं. पण हे तक्त्याचं मूळ पान आहे आणि 'gav तक्त्याचं मूळ पान २' असं पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. मुळाचा क्रमांक बदलून चालणार नाही. म्हणून दुसऱ्या पानावरचा सगळा मजकूर नव्या तिसऱ्या पानावर उतरवला जातो, आणि दुसरं पान आता नोंदी न ठेवता फक्त वाट दाखवतं. नवी नोंद सगळ्यांच्या शेवटी आलेली असल्यामुळे ती एकटी चौथ्या पानावर जाते. `dbstat`ला विचारलं की हे सगळं दिसतं:

```
SELECT pageno, pagetype, ncell, unused FROM dbstat WHERE name='gav';
2|internal|1|4076
3|leaf|140|15
4|leaf|1|4058
```

दुसऱ्या पानावर आता एकच छोटी नोंद आहे: '१४०पर्यंतचे क्रमांक तिसऱ्या पानावर'. त्याखेरीज शीर्षात एक पत्ता आहे: 'त्यापुढचे चौथ्या पानावर'. मांडणी तीच, स्लॉटांची. फक्त स्लॉट आता गावांकडे न दाखवता खालच्या पानांकडे नेणाऱ्या छोट्या नोंदींकडे दाखवतात. अशी नोंद स्लॉटसकट साधारण ८ ते १० बाइटांची असते, म्हणून वाट दाखवणाऱ्या एका पानावर चारशेच्या आसपास पत्ते मावतात. पानं नीट भरलेली असतील तर मूळ, त्याखाली चारशे पानं आणि त्या प्रत्येकाखाली चारशे, अशा तीन पायऱ्यांत दोन कोटींहून अधिक गावं बसतात. त्यातलं कोणतंही गाव क्रमांकावरून शोधायला तीन पानं वाचणं पुरतं.

हीच बी-ट्री. बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७०च्या सुमारास ती मांडली. झाड वाढतं ते खालून वर: टोकाचं पान भरलं की दुभंगतं आणि एक पत्ता वर पाठवतं, वरचं भरलं की तेही दुभंगतं, आणि मूळ भरलं तरच उंची एका पायरीने वाढते. त्यामुळे टोकाची सगळी पानं मुळापासून सारख्याच अंतरावर राहतात.

क्रमांक ओळीने न येता कुठूनही यायला लागले की गणित बदलतं. भरलेल्या पानाच्या मधे नोंद घुसवायची तर ते पान फोडावंच लागतं. बी-ट्रीच्या मूळ रीतीत पान निम्मं-निम्मं वाटलं जातं, आणि नोंदी यादृच्छिक क्रमाने येत राहिल्या तर पानं सरासरी सुमारे ६९ टक्केच भरलेली राहतात. एसक्यूलाइट थोडी काटकसर करतं. ते शेजारची मिळून तीनपर्यंत पानं एकत्र घेतं, त्यांवरच्या सगळ्या नोंदी एका रांगेत मांडतं आणि पुन्हा वाटतं. जागा वाचते, पण एका नोंदीपायी चार-पाच पानं लिहावी लागतात. त्यातली दोन लिहून झाली आणि वीज गेली तर वरचं पान भलत्याच ठिकाणी बोट दाखवील. म्हणून बदल करण्याआधी पानांची जुनी प्रत शेजारच्या `-journal` फाइलमध्ये उतरवलेली असते. अर्धवट कामानंतर ती फाइल मागे सोडून फक्त मुख्य फाइलची नक्कल केली, तर नक्कल बिघडलेली निघू शकते. `PRAGMA integrity_check;` हा बिघाड सहसा दाखवून देतो.

दुभंगताना नोंदी एका पानावरून दुसऱ्यावर जातात, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या सूचींचं काय? गावाच्या नावांवर सूची बनवली असेल तर एसक्यूलाइट तिच्यात नावाशेजारी पानाचा पत्ता ठेवत नाही, नोंदीचा क्रमांक ठेवतं. नोंद कुठेही गेली तरी क्रमांक तोच राहतो, सूचीला हात लावावा लागत नाही. मोबदल्यात नावावरून शोधताना दोन झाडं उतरावी लागतात, आधी सूचीचं आणि मग तक्त्याचं. पोस्टग्रेस वेगळा सौदा करतं: त्याच्या सूचीत पानाचा आणि स्लॉटचा क्रमांक असतो. नोंद पानाच्या आत मोकळेपणी हलू शकते, पण तिची नवी आवृत्ती दुसऱ्या पानावर गेली की सूचीतही नवी नोंद करावी लागते.

म्हणून तक्त्याची किल्ली निवडताना एवढं लक्षात ठेवावं: वाढत जाणारा क्रमांक शेवटच्या पानावरच भर घालतो आणि मागची पानं काठोकाठ भरलेली ठेवतो; लांबलचक यादृच्छिक किल्ली झाडभर विखुरलेली पानं फोडत फिरते. आणि हजारो नोंदी काढूनही फाइलचं माप घटलं नाही तर गोंधळून जाऊ नये. रिकामी झालेली पानं पुढच्या वापरासाठी यादीत राखून ठेवलेली असतात. ती परत हवी असतील तर `VACUUM` ही आज्ञा सगळं झाड दाटून नव्याने लिहिते, मात्र त्या कामापुरती डिस्कवर मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत जास्तीची जागा मोकळी असावी लागते.