खिडकीमागची मुलगी आणि खालच्या दोन ओळी

दवाखान्यात उशीर झाला की राग निघतो तो खिडकीपाशी बसलेल्या मुलीवर. ती समोर दिसते म्हणून. रिपोर्ट का आला नाही हे तिला माहीत नसतं, कारण तो जिथे अडकलाय ती जागा तिलाही दिसत नाही. ही न दिसणारी जागा कागदावर आणण्यासाठी एक आकृती काढतात. तिला सर्व्हिस ब्ल्यूप्रिंट म्हणतात.

ही पद्धत मांडली जी. लिन शोस्टॅक या अमेरिकी बँक अधिकारी बाईंनी. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये 1984 साली आलेल्या त्यांच्या लेखात उदाहरण होतं ते रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या बूटपॉलिशवाल्याचं. ब्रश मारणं, पॉलिश लावणं, चमक आणणं, पैसे घेणं अशा पायऱ्या त्यांनी ओळीने मांडल्या. भलत्या रंगाचं पॉलिश लागू शकतं, त्या पायरीवर ‘इथे चूक होऊ शकते’ अशी खूण केली. आणि एक रेघ मारली. रेघेच्या वर गिऱ्हाइकाला दिसणारं काम, खाली न दिसणारं, म्हणजे पॉलिशचा माल निवडून आणणं वगैरे. नंतरच्या अभ्यासकांनी या आकृतीत भर घातली, पण तिचा जीव आजही त्या रेघेतच आहे.

आता ती एका दवाखान्यासाठी काढून बघू. तालुक्याच्या गावातला, स्वतःची छोटी लॅब असलेला दवाखाना समजा. साठीच्या एक काकू मधुमेहाच्या तपासणीला आल्या आहेत. उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा द्यायचं, मग रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटायचं. हे रोजचंच काम आहे आणि फसतंही रोज.

मोठा कागद आडवा धरायचा. सगळ्यात वरच्या ओळीत काकू काय करतात ते वेळेसकट लिहायचं: आठला आल्या, नाव सांगितलं, पैसे भरले, आठ-दहाला रक्त दिलं, नाश्त्याला गेल्या, परत आल्या, दुसऱ्यांदा रक्त दिलं, थांबल्या, आत गेल्या, औषधं घेतली. यातलं ‘थांबल्या’ हे बहुतेक जण लिहीतच नाहीत, कारण त्यात कोणी काही करत नसतं. पण काकूंच्या सकाळचा मोठा भाग त्यातच जातो, म्हणून त्यालाही चौकट द्यायची आणि किती मिनिटं तेही लिहायचं.

दुसऱ्या ओळीत काकूंशी समोरासमोर बोलणारी माणसं येतात: खिडकीवरची मुलगी, रक्त काढणारी सिस्टर, डॉक्टर. त्याखाली दिसण्याची रेघ. रेघेखालच्या तिसऱ्या ओळीत पडद्यामागचं काम: नळीवर नाव-नंबर लावणं, नळी लॅबमध्ये पोचवणं, रक्त फिरवून वरचा द्रव वेगळा करणं, यंत्रावर तपासणं, आकडा पडताळून सही करणं. चौथ्या ओळीत या सगळ्यांना टेकू देणाऱ्या गोष्टी: लॅबचं सॉफ्टवेअर, रसायनांचा पुरवठा, फ्रिज, इन्व्हर्टर, प्रिंटर. मग वरच्या प्रत्येक चौकटीतून खाली बाण काढत जायचं. हे काम होण्यासाठी खाली कोणी काय करायला हवं, एवढाच प्रश्न विचारत राहायचा.

आता काकूंची सकाळ कुठे बिघडली ते पाहू. त्यांनी साडेआठला पोह्यांचा पहिला घास घेतला. मग चहा झाला, गप्पा झाल्या, आणि खाणं आटोपलं आठ पंचावन्नला. दोन तास त्यांनी तिथून मोजले आणि दहा पंचावन्नला परत आल्या. खरं तर हे दोन तास जेवण सुरू केल्यापासून मोजायचे असतात, म्हणजे त्या साडेदहाला हव्या होत्या. यंत्रावर दुसऱ्या नमुन्यांची खेप पावणेअकराला लागून गेली होती, पुढची पावणेबाराला. बारानंतर रिपोर्ट, बाहेर गर्दी, आणि डॉक्टर साडेबाराला उठणार. शिवाय चुकीच्या वेळेला काढलेल्या रक्ताचा आकडा तो वेगळाच.

आकृतीत हे लख्ख दिसतं. वरच्या ओळीत ‘नाश्त्याला गेल्या’ ही चौकट आहे, पण तिच्याखाली दुसऱ्या ओळीत काहीच नाही. दोन तास कधीपासून, सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे सांगण्याचं काम कोणाकडेच नाही. सिस्टरला वाटतं खिडकीवर सांगितलं असेल, खिडकीवरच्या मुलीला वाटतं सिस्टर सांगते. कामचुकारपणा कोणाचाच नाही. रिकामी जागा आहे, आणि ती भरायला एक चिठ्ठी पुरते: पहिल्या घासाची वेळ लिहा, बरोबर दोन तासांनी या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर नेहमीची गोळी घ्या. ही चिठ्ठी सिस्टरनेच द्यायची, कारण काकू खायला जाण्यापूर्वी शेवटच्या भेटतात त्या तिला.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे, कारण ती रेघेखाली होते आणि वर कोणालाच दिसत नाही. आठ-दहाला काढलेलं रक्त ट्रेमध्ये पडून आहे. तंत्रज्ञ सकाळी आधी यंत्राची चाचणी घेतो, घरोघरून येणाऱ्या नमुन्यांची वाट बघतो आणि दहाच्या सुमारास सगळं एकदम लावतो. नळीतल्या रक्तपेशी मात्र जिवंत असतात, साखर खात असतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, दर तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर कमी होते. काकूंची उपाशीपोटीची साखर खरी 140 असेल, तर दोन तासांनी ती 125 च्या आसपास भरते. मधुमेहींसाठी 130 पर्यंतचा आकडा बहुधा ठीक मानतात. म्हणजे औषध वाढवायचं की नाही याचा निर्णय ट्रेमधल्या दोन तासांनी फिरवला. काकू खूश, डॉक्टर निश्चिंत आणि आकडा खोटा.

यासाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात. पण ती आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी लागते, आणि तरीही फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. म्हणून नमुना लवकर फिरवून वेगळा करणं हाच खरा उपाय. हे बिंग फुटतं ते दोन वेळा शेजारी ठेवल्यावर: रक्त काढल्याची वेळ आणि नमुना फिरवल्याची वेळ. अनेक ठिकाणी पहिली वेळ लिहिलीच जात नाही, पैसे भरल्याची वेळ तेवढी छापून येते.

या आकृतीच्या मर्यादाही आहेत. एका आकृतीत एकच वाट मावते. पहिल्यांदा आलेला रुग्ण, तापाने फणफणलेलं पोर, फक्त रिपोर्ट दाखवायला आलेला माणूस, यांच्या वाटा वेगळ्या. सोमवारची गर्दीही तिच्यात दिसत नाही. आणि केबिनमध्ये बसून काढलेली आकृती तर सरळ दिशाभूल करते, कारण तिच्यात काम जसं व्हायला हवं तसं दिसतं, होतं तसं नाही. हातात घड्याळ घेऊन एका रुग्णामागे सकाळभर फिरायला हवं. कागदाभोवती तंत्रज्ञ हवा, सिस्टर हवी, आणि नळ्यांचा ट्रे उचलून नेणाऱ्या मावशी तर हव्यातच. ट्रे किती वाजता उचलला जातो हे त्यांनाच ठाऊक असतं.

दवाखाना चालवणाऱ्यांनी एका सकाळपुरतं हे करून पाहावं. आणि तुम्ही तपासणीला जाल तेव्हा दोन गोष्टी करा: पहिल्या घासाची वेळ लिहून ठेवा, आणि रक्त काढल्याची वेळ नळीवर किंवा फॉर्मवर लिहायला सांगा.